पान बिघडले की आधी काय पाहावे

कुंडीतल्या झाडाला आपले दुखणे सांगायला तीनचारच खुणा असतात. पान पिवळे पडते, पानावर डाग उठतात, पान मुरडते, नाहीतर गळून पडते. दुखणी मात्र पुष्कळ. अन्नद्रव्य कमी पडले, मुळे कुजली, बुरशी लागली, रस शोषणारी कीड बसली, विषाणू शिरला किंवा पाणीच खारे निघाले, तरी झाड तक्रार करते ती याच तीनचार खुणांतून. म्हणून नुसते ‘पान पिवळे आहे’ एवढ्यावर निदान करणारा बहुतेक वेळा चुकतो. खूण कोणत्या पानावर आली, पानाच्या कोणत्या भागावर आली आणि पुढच्या आठ दिवसांत ती कुठे सरकली, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली की रोग, कीड आणि उपासमार यांच्या वाटा बऱ्याचशा वेगळ्या होतात.

डहाणू तालुक्यातल्या आगरसारख्या समुद्रालगतच्या गावात या प्रश्नाकडे पाहण्याच्या दोन रीती आढळतात. एक रीत वाडीची. घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ती हीच किनारपट्टी. शेदोनशे झाडे सांभाळणारा वाडीवाला प्रत्येक पान न्याहाळत बसू शकत नाही. हंगाम पाहून, शेजारच्या वाडीत काय चालले आहे ते पाहून तो फवारणी करून मोकळा होतो, आणि त्याच्या जागी ते बरोबरही असते. दुसरी रीत कुंडीची. कुंडीत झाड एकच, माती दहाबारा किलो, आणि चुकीचा डोस पडला तर तो मुरून जायला जागा नाही. पुढचा संवाद या दोन रीतींचा आहे. एका बाजूला चिकूची वाडी राखणारे काका, दुसऱ्या बाजूला शेतीचे शिक्षण घेऊन रोपवाटिका चालवणारी त्यांची पुतणी, आणि मध्ये ओट्यावरच्या कुंड्या: मोगरा, गुलाब आणि मिरची.

मोगऱ्यापासून सुरुवात झाली, कारण काकांच्या मते त्यात बोलण्यासारखे काही नव्हते.

“पानं पिवळी म्हणजे झाड उपाशी. मूठभर युरिया टाक, आठवड्यात हिरवं होईल.”

“कुठली पानं पिवळी, काका? वरची की खालची?”

“पिवळं ते पिवळं. वरचं काय नि खालचं काय!”

फरक नेमका इथेच पडतो. काही अन्नद्रव्ये झाडाच्या अंगात हलू शकतात. नत्र, स्फुरद, पालाश आणि मॅग्नेशियम ही त्यांतली मुख्य. यांपैकी एखादे कमी पडले की झाड जुन्या पानातले काढून कोवळ्या शेंड्याकडे पाठवते, म्हणून तुटवडा आधी खालच्या जुन्या पानांवर दिसतो. लोह, कॅल्शियम आणि बोरॉन यांना तसे हलता येत नाही. एकदा पानात जाऊन बसले की ते तिथलेच होतात. त्यांचा तुटवडा झाला तर जुनी पाने हिरवीगार राहतात आणि नवा शेंडा बिघडतो. नत्र कमी असेल तर खालचे अख्खे पान शिरांसकट फिके पडते. मॅग्नेशियम कमी असेल तर त्याच खालच्या पानाच्या कडा आणि शिरांमधला भाग पिवळा होतो, मधल्या शिरेलगत हिरवा पट्टा शिल्लक राहतो. लोह कमी पडले की वरचे कोवळे पान पिवळे होते, पण त्यावर हिरव्या शिरांची बारीक जाळी स्पष्ट दिसते. दुखणे वाढले तर ते पान जवळजवळ पांढरे पडते.

उपासमारीची आणखी एक ओळख आहे, तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. उपासमार पानाच्या दोन्ही अंगांना सारखी असते. मधल्या शिरेच्या डावीकडे जे दिसते तेच उजवीकडे दिसते, आणि समोरासमोरची दोन पाने जुळ्या भावंडांसारखी बिघडतात. बुरशी आणि कीड यांना असा हिशेब नसतो. त्या जिथे पडल्या तिथे डाग पाडतात, एक पान खराब करतात आणि शेजारचे तसेच सोडतात.

ओट्यावरच्या मोगऱ्याची खालची पाने गडद हिरवी होती. पिवळी पडली होती ती शेंड्याची चारसहा पाने, आणि त्यांच्यावर हिरव्या शिरांची जाळी होती. युरियाने इथे काही साधले नसते. उलट मूठभर युरिया कुंडीला इतका जास्त होतो की मुळे भाजतात. पण पुतणीने लोहाचे नाव घेताच काकांनी जो प्रश्न केला, तो चांगल्या परीक्षकाने करावा असा होता.

“कुंडीत तांबडी माती मी स्वतः भरली आहे. तांबडी माती म्हणजे लोखंडाची खाण. तिच्यात लोह कमी पडेल कसं?”

“लोह आहे, काका. मुळाला घेता येत नाहीये.”

कुंडीत लोहाचा खरा तुटवडा क्वचितच असतो. माती किंवा पाणी चुनखडीचे झाले की लोह अशा रूपात जाते की मूळ ते उचलू शकत नाही. मुळांभोवती पाणी साचून हवा संपली तरी मूळ कामाला येत नाही आणि शेंड्यावर हेच चित्र उमटते. म्हणजे लोहाची खूण दिसली, एवढ्याने काम संपले नाही. मूळ का अडले हे शोधायचे राहते, आणि ते पानावर लिहिलेले नसते. त्यासाठी कुंडी उलटी करावी लागते. झाडाच्या बुंध्याला हात देऊन मातीचा गोळा अलगद बाहेर काढला की मुळे दिसतात. निरोगी मूळ पांढरे, निदान फिकट आणि ताठ असते. कुजलेले मूळ तपकिरी आणि मऊ असते, चिमटीत धरून ओढले तर वरची साल हातात येते आणि आतला दोरा मागे राहतो. वासही आंबूस येतो. असे मूळ सापडले तर खत, औषध सगळे बाजूला ठेवून आधी पाणी तोडावे आणि निचरा सुधारावा. घरातल्या झाडांच्या पिवळेपणात जास्त पाण्याचा हात सगळ्यात मोठा असतो. पावसाळ्यात ओट्यावरची कुंडी आधीच ओली असताना सवयीने तांब्याभर पाणी घालण्याचा नेमही त्याला पुरतो.

या मोगऱ्याची मुळे पांढरी होती. मातीत मात्र शिंपल्यांचे बारीक तुकडे चमकत होते. माती मोकळी राहावी म्हणून काकांनी तिच्यात किनाऱ्यावरची रेती मिसळली होती. शिंपला म्हणजे चुना. चमचाभर मातीवर व्हिनेगर टाकले तेव्हा बारीक बुडबुडे आले. मातीत मोकळा चुना असेल तर असे फसफसते, आणि ही परीक्षा घरच्या घरी दोन मिनिटांत होते. समुद्राच्या रेतीत वर मीठही असते, म्हणून कुंडीसाठी ती दोन्ही अंगांनी वाईट. मिठाची खूण वेगळी. पान टोकापासून करपत जाते, मग कडेने खाली उतरते, आणि कुंडीच्या काठावर पांढरे पुट चढते. किनाऱ्याजवळच्या विहिरीचे पाणी उन्हाळ्यात मचूळ झाले की हे चित्र हमखास दिसते आणि लोक त्याला करपा समजून औषध मारतात. त्यावर उपाय एकच, गोड्या पाण्याने माती धुणे. कुंडी जेवढ्या मापाची, त्याच्या दुप्पट पाणी सावकाश ओतून खालून पूर्ण निथळू द्यावे.

काका अजून पटले नव्हते. “फसफसलं म्हणजे चुना आहे. पण पिवळेपणा चुन्यापायीच, हे कशावरून?”

याचेही उत्तर पानावरच मिळवता येते. एक लिटर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस आणि १ ग्रॅम सायट्रिक ॲसिड विरघळवायचे. द्रावण ताजे आणि फिकट हिरवट असावे. गंजाच्या रंगाचे झाले तर ते टाकून द्यावे, त्यातले लोह झाडाच्या उपयोगाचे राहिलेले नसते. संध्याकाळी ऊन उतरल्यावर दोन पिवळ्या पानांच्या फक्त अर्ध्या अंगाला हे द्रावण ब्रशने लावायचे आणि उरलेले अर्धे तसेच ठेवायचे. आठदहा दिवसांत लावलेला भाग हिरवा झाला आणि न लावलेला पिवळाच राहिला, तर लोहाबद्दल शंका उरत नाही. दोन्ही भाग सारखेच पिवळे राहिले तर शोध दुसरीकडे घ्यावा. बाजारात मिळणारी सूक्ष्म अन्नद्रव्यांची पाकिटे या कामाला येत नाहीत. त्यांत सगळेच असते, त्यामुळे झाड सुधारले तरी काय कमी होते ते कधीच कळत नाही.

मोगऱ्याचे पान नवव्या दिवशी अर्धे हिरवे दिसले. मग पूर्ण झाडावर तीच फवारणी झाली आणि माती बदलली: शिंपल्यांची रेती काढून नदीची रेती आणि चांगले कुजलेले शेणखत. शेणखताचा आग्रह काकांचा होता आणि तो योग्य होता. कुजलेल्या सेंद्रिय पदार्थांतली आम्ले लोह धरून ठेवतात, म्हणून ते मुळाच्या आवाक्यात राहते. नुसती हिराकस फवारत राहिले तर नव्या पानाबरोबर पिवळेपणाही परत येतो.

गुलाबाची गोष्ट डागांची. ओट्यावर दोन गुलाब होते आणि दोघांच्याही पानांवर काळपट डाग होते. काकांनी वाट पाहिली नव्हती. सुपारीच्या कोळे रोगासाठी केलेले एक टक्का बोर्डो मिश्रण उरले होते, ते त्यांनी आधीच एका गुलाबावर मारले होते.

“बुरशीला मोरचूद लागू पडतं. चिकूच्या पानावर पांढऱ्या मध्याचे ठिपके येतात ते बुरशीचेच. त्याला चालतं, सुपारीला चालतं, मग गुलाबानं काय घोडं मारलंय?”

“घोडं नाही मारलं. पण तुमच्या गुलाबावरचे डाग बघा आणि माझ्या गुलाबावरचे बघा. एकसारखे आहेत का?”

ते एकसारखे नव्हते. न फवारलेल्या गुलाबावर डाग खालच्या पानांवर होते. एकेक डाग काळा, नखाएवढा, कडा शाईचा थेंब टीपकागदावर पसरावा तशा केसाळ. भोवतीचे पान पिवळे पडत होते आणि हात लागताच गळत होते. गुलाबाच्या काळ्या डागाचे हे ठरीव रूप. पाने खालून वर गळत येतात म्हणून घाईत तो नत्राचा तुटवडा वाटतो, पण नत्राचा पिवळेपणा अख्ख्या पानाचा आणि बिनडागाचा असतो. फवारलेल्या गुलाबावर काही जुने काळे डाग होतेच. शिवाय वरच्या, आधी निरोगी असलेल्या पानांवर लहान तांबूस-जांभळे ठिपके उठले होते, एकाच वयाचे आणि एकाच आकाराचे, सगळ्या झाडावर जणू एका दिवशी पडलेले. हे तांब्याने भाजल्याचे डाग. गार, ओल्या हवेत पान वाळायला वेळ लागला की गुलाबाच्या कोवळ्या पानाला तांबे सोसत नाही. मिश्रणात चुना कमी पडला असेल तर आणखीच भाजते. वाडीत याची जुनी परीक्षा आहे. मिश्रणात लोखंडी सुरी क्षणभर बुडवायची, पात्यावर तांबूस थर चढला तर चुना वाढवायचा. काकांना ती ठाऊक होती, त्या दिवशी पावसाच्या घाईत राहून गेली, एवढेच.

डाग जिवंत आहे की मेलेला, हे ओळखण्यासाठी बॉलपेन पुरते. डागाच्या कडेला लागून पानावर वर्तुळ काढायचे आणि त्या पानाला तारखेची चिठ्ठी बांधायची. पाचसहा दिवसांत डाग वर्तुळाबाहेर गेला किंवा शेजारी नवे डाग आले, तर कारण जिवंत आहे. डाग वर्तुळातच राहिला, तर जे काही झाले ते होऊन गेले आहे: ऊन लागले असेल, औषधाने भाजले असेल. उन्हाचे डाग शिवाय फक्त उन्हाकडच्या बाजूला असतात आणि वाळलेल्या कागदासारखे पांढरट दिसतात. बुरशीबद्दल शंका असेल तर डाग पडलेले पान ओल्या कागदावर ठेवून बंद डब्यात दोन दिवस सावलीत ठेवावे. बुरशी असली तर डागावर बहुधा बारीक लव किंवा टाचणीच्या टोकाएवढे दाणे दिसू लागतात. मात्र पान सडेपर्यंत डबा विसरला तर जी बुरशी दिसेल ती सडण्यावर आलेली असेल, तिच्यावरून काही ठरवू नये.

पुतणीच्या गुलाबावरचा डाग पाचव्या दिवशी वर्तुळ ओलांडून गेला. काकांच्या गुलाबावरचे जांभळे ठिपके जिथल्या तिथे राहिले.

“म्हणजे माझं औषध वाया गेलं म्हण की,” काका म्हणाले.

“वाया नाही गेलं. पण रोग आला कुठून, ते औषधानं सांगितलं नसतं. वर बघा.”

वर पागोळ्या होत्या. दोन्ही कुंड्या छपराच्या कडेखाली होत्या आणि पाऊस थांबल्यावरही पाने तासन्‌तास भिजत राहत. काळ्या डागाच्या बुरशीचे बीजाणू रुजायला पान सलग सातएक तास ओले राहावे लागते. त्याहून आधी वाळले तर बहुतेक रुजवण वाया जाते. म्हणूनच खोलीत ठेवलेल्या, पानावर पाणी न पडणाऱ्या झाडांना पानाचे बुरशीजन्य डाग फार कमी येतात. तिथे डाग दिसला तर बुरशीचे नाव सर्वांत शेवटी घ्यावे. पावसाळी ओट्यावर ते सर्वांत आधी घ्यावे. एकच डाग, पण कुंडी कुठे आहे त्यावर संशयितांचा क्रम बदलतो.

दोन्ही गुलाब पागोळ्यांपासून हात-दीड हात आत सरकले. डागाळलेली पाने झाडावरची आणि कुंडीत पडलेली, सगळी वेचून जाळली, कारण बुरशी गळलेल्या पानावर टिकून राहते. पाणी सकाळी आणि बुंध्याशी. नव्या पालवीसाठी मँकोझेबसारखे बुरशीनाशक पाकिटावरच्या मात्रेने एकदा मारले. या औषधाने जुना डाग पुसला जात नाही, फक्त कोऱ्या पानाला कवच मिळते, म्हणून ते मारल्यावर जुन्या पानांकडे पाहून ‘गुण आला नाही’ असे म्हणण्यात अर्थ नसतो.

मिरचीच्या कुंड्यांजवळ पारडे फिरले. वाणगाव परिसर मिरचीचा. पान मुरडण्याला तिथे चुरडामुरडा म्हणतात, बोकड्याही म्हणतात, आणि काकांचा त्यातला अनुभव पुतणीच्या पुस्तकापेक्षा मोठा. पण एकाच नावाखाली तीन निरनिराळी दुखणी दडलेली असतात आणि तिघांचे उपाय एकमेकांच्या कामाचे नाहीत.

आधी एक साधी शंका काढून टाकावी लागते. एप्रिल-मेच्या दुपारी मिरचीचे पान कडा आत घेऊन वळते, ते पाणी वाचवण्यासाठी. म्हणून मुरडलेले पान पहाटे पाहावे. पहाटे ते सपाट झालेले असेल तर झाड आजारी नाही, त्याला ऊन जास्त होते आहे. पहाटेही मुरड कायम असेल तर मुरड कुठल्या दिशेची ते पाहायचे.

“वर वळलं की फुलकिडे, खाली वळलं की कोळी. हे आमच्या बापानं शिकवलं, पुस्तकात नंतर आलं,” काका म्हणाले, आणि ढोबळ मानाने ते खरेच आहे. फुलकिडे कोवळे पान खरवडून रस घेतात. त्याने पानाच्या कडा वर उचलतात आणि पान होडीसारखे दिसते, खालच्या बाजूला चंदेरी किंवा तपकिरी चट्टे पडतात. पिवळा कोळी शेंड्यातल्या पानांच्या खाली बसतो. त्याच्यामुळे कडा खाली वळतात, होडी पालथी पडल्यासारखी दिसते, पान अरुंद, कडक होते आणि देठ लांबतो. फुलकिडा सुमारे एक मिलिमीटरचा. पांढऱ्या कागदावर शेंडा झटकला की हलणाऱ्या रेघेसारखा डोळ्यांना दिसतो. कोळी त्याच्या पाचव्या हिश्श्याएवढा, त्यासाठी दहापट भिंग लागते. ‘किडा दिसला नाही म्हणजे कीड नाही’ हा निष्कर्ष बहुतेक वेळा भिंगाशिवाय काढलेला असतो.

तिसरे दुखणे विषाणूचे. त्यात पान वर वळते, खाली वळते, गोळा होते. ओळख मुरडीवरून पटत नाही, वाढीवरून पटते. पाने लहान लहान होत जातात, शिरा जाड आणि फिकट पिवळ्या होतात, पेरे आखडून शेंड्याचा झुपका बनतो आणि फूल धरले तरी मिरची धरत नाही. हा विषाणू पांढरी माशी एका झाडावरून दुसऱ्यावर नेते. झाड हलवले की पानांखालून पांढरी भुकटी उडाल्यासारखी ती उडते. विषाणूवर औषध नाही. माशीवर आहे.

ओट्यावर मिरचीच्या दोन कुंड्या होत्या. दोन्हींवर काकांनी कीटकनाशक मारले होते, दोन आठवडे झाले होते, आणि पहिल्या कुंडीतली मुरड वाढली होती. तिची पाने खाली वळलेली होती, भिंगाखाली शेंड्यात पारदर्शक पिवळसर ठिपके हळू सरकताना दिसले. कोळी म्हणजे कीटक नव्हे. त्याला आठ पाय असतात, आणि फुलकिडे किंवा माशी मारणारी पुष्कळ औषधे त्याला लागू पडत नाहीत. उलट कोळ्याला खाणारे मित्रजीव त्या औषधांनी मरतात आणि कोळी फोफावतो. औषध मारल्यावर मुरड वाढली, ही गोष्टच इथे निदानाला मदत करणारी ठरली. कोळ्यासाठी पाण्यात मिसळणारे गंधक लिटरला ३ ग्रॅम या प्रमाणात, पानांच्या खालच्या बाजूला बसेल असे फवारायचे, आणि ऊन तापायच्या आत. पारा पस्तिशीकडे असताना गंधक पान भाजते. कडुनिंबाचे तेल मारले असेल तर त्यानंतर पंधरा दिवस गंधकाला हात लावू नये, दोन्ही मिळूनही पान भाजते.

गुण आला की नाही हे ठरवताना पुष्कळांची फसगत होते. मुरडलेले पान पुन्हा कधीच सरळ होत नाही. पाहायची ती फवारणीनंतर फुटलेली पालवी. दहाबारा दिवसांत नवी पाने सपाट आली तर निदान बरोबर होते, मग खालची मुरडलेली पाने कितीही दिसोत. पहिल्या कुंडीत नवी पाने सपाट आली.

दुसऱ्या कुंडीवरून खरा वाद झाला. तिच्यात झुपका होता, शिरा पिवळ्या होत्या आणि पानांखाली चारदोन पांढऱ्या माश्या होत्या.

“हिलाही गंधक मारून दोन आठवडे बघू,” पुतणी म्हणाली. “नवी पालवी काय सांगते ते कळेल.”

“दोन आठवडे? तोवर ती माशी तुझ्या रोपवाटिकेतल्या मिरची-टोमॅटोवर जाऊन येईल. उपटून टाक, आत्ता.”

निदानाच्या शिस्तीने पाहिले तर पुतणी बरोबर होती. नुसत्या डोळ्यांनी विषाणू शंभर टक्के ठरत नाही. कोळी आणि विषाणू एकाच झाडावर असू शकतात, आणि पुरावा येईपर्यंत थांबणे ही चांगली सवय आहे. पण थांबण्याची किंमत प्रत्येक दुखण्यात सारखी नसते. लोहाच्या पिवळेपणात दहा दिवस थांबल्याने काही बिघडत नाही. गुलाबाच्या डागात थोडी पाने जातात. विषाणूच्या बाबतीत थांबलेला प्रत्येक दिवस शेजारच्या झाडांच्या खात्यावर जातो, कारण एकदा विषाणू घेतलेली माशी पुढे बरेच दिवस तो वाहते. एका कुंडीची मिरची तेवढ्या जोखमीच्या मोलाची नव्हती. इथे वाडीची रीत कुंडीच्या रीतीपेक्षा शहाणी ठरली, आणि पुतणीनेही ते मान्य केले.

उपटण्यालाही पद्धत आहे. आधी झाडावर प्लास्टिकची पिशवी घालून तोंड बांधायचे, मग मुळासकट काढायचे. पिशवी न घालता हिसडले तर माश्या उडतात आणि शेजारी जाऊन बसतात, म्हणजे उपायानेच प्रसार होतो. त्यानंतर उरलेल्या झाडांजवळ पिवळा चिकट कागद टांगून ठेवावा. त्यावर किती माश्या चिकटतात यावरून धोका उरला आहे की नाही ते समजते. फुलकिड्यांसाठी निळा कागद लागतो.

नमुना तपासून घ्यायचा असेल तर कोसबाड टेकडीवरचे कृषी विज्ञान केंद्र डहाणू-तलासरीकरांना जवळ आहे. नेताना एकच सर्वांत खराब पान नेले तर तपासणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. नुकते बिघडू लागलेले, अर्धे बिघडलेले आणि निरोगी, अशी तिन्ही पाने शेंड्यासह कोरड्या वर्तमानपत्रात गुंडाळून त्याच दिवशी न्यावीत. ओल्या पिशवीतले पान पोहोचेपर्यंत सडते. सोबत चार ओळी लिहाव्यात: कुंडी कुठे असते, पाणी कुठले, शेवटचे खत आणि औषध कधी व काय दिले. काकांनी दोन आठवड्यांपूर्वी मारलेल्या औषधाचे नाव अशा चिठ्ठीत राहून गेले, तर मिरचीचे अर्धे निदान तिथेच चुकते.

दुसऱ्या कुंडीची माती पुतणी फेकायला निघाली होती, ती काकांनी थांबवली, आणि त्यातही ते बरोबर होते. मिरचीचा हा विषाणू मातीतून पसरत नाही. त्याला जिवंत झाड आणि पांढरी माशी दोन्ही लागतात. त्याच मातीत आठ दिवसांनी नवे रोप लावले तरी चालते, फक्त चिकट कागदावर तोवर माशी दिसता कामा नये.